सरासरी धरायची की पाच हजार रो फिरवायच्या?

समजा दोन कामं एकाच वेळी चालू होणार, प्रत्येकाला ८ ते १२ दिवस, आणि दोन्ही संपली की प्रोजेक्ट संपला. सरासरीवाले म्हणतात १० दिवस, विषय संपला. आता हेच एक्सेल शीटमध्ये रँडम आकड्यांनी सिम्युलेशन करून बघा, C2 मध्ये पहिली ओळ टाका आणि C5001 पर्यंत खाली ओढा:

```
=MAX(RANDBETWEEN(8,12),RANDBETWEEN(8,12))
=COUNTIF(C2:C5001,">10")/5000
```

दुसरी ओळ वेगळ्या सेलमध्ये, तिथे साधारण ०.६४ येतं, म्हणजे १० दिवसांची तारीख दिली तर चुकायची शक्यता ६४ टक्के! कारण सोपंय, एक काम १० दिवसांत व्हायची शक्यता ५ पैकी ३, पण दोन्ही व्हायला हवीत म्हणजे २५ पैकी ९, आणि जे उशिरा संपतं तेच तारीख ठरवतं. सरासरीला हे दिसतच नाही.

F9 दाबून आकडे पुन्हा काढून बघा, पाच हजार रोंमध्ये उत्तर एखाद-दीड टक्काच हलतं, शंभरच रो घेतल्या तर दहा टक्केही उड्या मारतं.

पण सिम्युलेशनवरही डोळे झाकून विसंबू नका राव. दोन्ही कामं एकाच कारणाने एकदमच रखडत असतील तर दोन वेगळे रँडम आकडे चुकीचे, एकच आकडा दोघांना दिला तर उशिराची शक्यता ४० टक्क्यांवर येते. कामं एकामागोमाग एक असतील आणि फक्त सरासरी मुदत हवी असेल तर साधी बेरीज पुरते.