गोल झालेला ड्रेन बोल्ट आणि उलट्या चरांची गोटी : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी जुनी होंडा सिटी घेतली आणि पहिलं ऑईल घरीच बदलायचं ठरवलं. गाडी स्टँडवर घेऊन खाली सरपटत गेलो, तर ऑईल चेंबरच्या ड्रेन बोल्टचे सहाही कोपरे झिजलेले. आधीच्या कुणीतरी बारा कोनांची गोटी, म्हणजे सॉकेट, लावून वर पाईप घालून जोर लावला असणार. माझी १७ची गोटी त्यावर नुसती फिरत होती. त्या रात्री मी उलट्या चरांच्या गोट्यांचा सेट मागवला, ९ ते १९ मिमीचा, साधारण बाराशे रुपयांना. तेव्हापासून चार गोल झालेल्या बोल्टांवर तो वापरला. तीन निघाले, एक नाही निघाला. चारही ठिकाणी काय झालं यावरून हे लिहितोय.

आधी कोपरे का जातात ते सांगतो, कारण सेट घ्यायची वेळच येऊ नये हे उत्तम. बारा कोनांची गोटी बोल्टला कोपऱ्याच्या अगदी टोकाशी धरते. सहा कोनांची गोटी कोपऱ्यापासून थोडी आत, सपाट बाजूवर दाब देते. ड्रेन बोल्टचं लोखंड फार कडक नसतं आणि डोकंही बुटकं असतं, म्हणून गोटी जरा तिरकी बसली की टोकं सोलून निघतात. माझा स्पष्ट सल्ला आहे की ड्रेन बोल्टला बारा कोनांची गोटी लावूच नका. फिक्स पाना तर नकोच, तो फक्त दोन बाजू धरतो.

आता सेटविषयी. गोटीच्या आत सरळ कडांऐवजी पिळलेले, आत निमुळते होत जाणारे धारदार चर असतात. बोल्ट सोडायच्या दिशेला फिरवलं की ते डोक्यात अधिकच रुततात. त्यामुळे ही गोटी फक्त सोडण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नाही. माप निवडताना पहिल्यांदा माझी गडबड झाली. १७ची गोटी हाताने सहज बसली म्हणून तीच लावली, आणि तिने कोपऱ्यांचे उरलेसुरले कंगोरेही खाल्ले. योग्य माप ते, जे हाताने अर्ध्यावर अडकतं आणि पुढे हातोडीनेच जातं. माझ्या बोल्टला शेवटी १६ची बसली. त्याआधी डोक्यावरची माती आणि गंज तारेच्या ब्रशने काढावा, नाहीतर चर लोखंडाऐवजी मातीत रुततात.

ठोकताना चेंबर कशाचं आहे ते आधी पाहा. माझं ॲल्युमिनियमचं आहे. मी हलक्या हातोडीने, अगदी बोल्टच्या सरळ रेषेत, सात-आठ टोले दिले. बाजूने टोला बसला तर चेंबरला तडा जाऊ शकतो. या टोल्यांचा आणखी एक फायदा होतो : डोक्याखालच्या वायसरची पकड थोडी सैल होते. खरी अडचण बहुतेक वेळा तिथेच असते, आट्यांमध्ये नाही. आटे तर आतून ऑईलनेच ओले असतात, म्हणून गंज सोडवणारा स्प्रे मारून मला काही फरक दिसला नाही. गॅसच्या ज्योतीने तापवण्याचा विचारही करू नका, वर साडेतीन लिटर ऑईल आहे. त्याऐवजी इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करावं. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, तेवढीच मदत होते आणि ऑईलही पातळ होतं. चटका बसेल इतकं गरम मात्र नको.

दिशेबद्दल एक सांगतो. गाडीखाली उताणं पडल्यावर डावं-उजवं उलटं वाटतं आणि माणूस सोडायच्या ऐवजी आवळत बसतो. बोल्टच्या डोक्याकडे समोरून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट, एवढंच ध्यानात ठेवा. मी चेंबरवर मार्करने बाण काढतो.

सांडण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सोसायटीच्या पार्किंगमध्ये हीच खरी काळजी असते. गोल बोल्ट हळूहळू सुटत नाही. तो "टक" करून एकदम सुटतो आणि हाताला अजून जोर असतो. त्यामुळे ट्रे पहिला जोर लावण्याआधीच जागेवर हवा. मी खाली जाड प्लास्टिक, त्यावर उघडलेलं पुठ्ठ्याचं खोकं आणि त्यावर आठ लिटरचा ट्रे ठेवतो. शेजारी लाकडाच्या भुशाची पिशवी असते. सुटल्यावर दांडा काढून टाकायचा आणि नुसत्या हाताने, बोल्ट आत दाबून धरत आटे मोकळे करायचे. शेवटचा आटा सुटला की हात झटकन बाजूला घ्यायचा. माझ्या गाडीत बोल्ट आडवा आहे, त्यामुळे पहिली धार वीतभर लांब पडते आणि चेंबर रिकामं होत जाईल तशी जवळ येते. पहिल्या वेळी ट्रे बरोबर बोल्टखाली होता आणि पावशेर ऑईल पुठ्ठ्यावर गेलं. आता ट्रे आधी लांब ठेवतो, मग मागे ओढतो.

या सेटची एक गोष्ट मला मनापासून आवडली. सुटलेला बोल्ट गोटीत घट्ट अडकून राहतो, काळ्या ऑईलमध्ये पडत नाही. नंतर गोटीच्या मागच्या चौकोनी भोकातून जाड खिळा घालून ठोकला की निघतो.

जिथे हरलो ती गाडी शेजारच्या काकांची. बोल्टवर कुणीतरी पाईप पाना चालवला होता आणि डोकं शंकूसारखं झालं होतं. गोटीच्या चरांना धरायला उंचीच उरली नव्हती. तीन वेळा ठोकून बसवली, तिन्ही वेळा घसरली. मग मी डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ऑईल ओढून घेतलं. काका म्हणाले, "आता खाली कशाला जायचं, असंच चालवू की!" पण तळाचा गाळ त्या नळीतून येत नाही, आणि पुढच्या वेळी तोच बोल्ट समोर असणार. चेंबर रिकामं झाल्यावर गॅरेजच्या मिस्त्रींनी डोक्याच्या कडेला छिन्नी टेकवली आणि सोडायच्या दिशेला तिरके टोले दिले. चौथ्या टोल्याला बोल्ट हलला. काकांच्या गाडीचं चेंबर पत्र्याचं होतं, ॲल्युमिनियमवर मी हे करणार नाही. आता डोकं जास्तच गेलेलं दिसलं तर मी आधी ऑईल वरून ओढून घेतो, मग खाली हात लावतो. सांडायला काही उरतच नाही.

आठ महिन्यांनंतर १६च्या गोटीच्या धारा थोड्या बोथट झाल्यात. बाकीच्या ठीक आहेत. इम्पॅक्ट गनवर मी त्या लावत नाही, कडक पोलाद ठिसूळ असतं.

जुना बोल्ट परत लावू नका. माझ्या गाडीला नवा बोल्ट, नवा ॲल्युमिनियम वायसर, आणि टॉर्क पान्याने ३९ न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे चार किलोग्रॅम-मीटर. आटे आधी बोटांनीच लावायचे. बोटांनी जात नसतील तर वाकडे बसलेत. मग नवं ऑईल भरून, इंजिन दहा मिनिटं चालवून बोल्टभोवती कोरडा कागद फिरवायचा आणि रात्रभर खाली स्वच्छ पुठ्ठा ठेवायचा. मागच्या महिन्यात दुसऱ्यांदा ऑईल बदललं, तेव्हा हाच बोल्ट साध्या सहा कोनी गोटीने एका हाताने सुटला.