डीव्ही, ओव्ही की ईव्ही: छोट्या धंद्याच्या साइटला कुठलं सर्टिफिकेट घ्यावं?

साइटला एचटीटीपीएससाठी सर्टिफिकेट लागतं हे आता कुणाला सांगावं लागत नाही. गोंधळ होतो तो कोटेशन हातात आल्यावर. होस्टिंगसोबत डीव्ही फुकट मिळतंय, विकणारा म्हणतोय ‘धंद्याची साइट आहे, ओव्ही तरी घ्याच’, आणि त्याखालच्या ओळीत ईव्हीचा भाव लिहिलेला. तिन्हींत एन्क्रिप्शन सारखंच. फरक आहे तो सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीनं काय तपासलं याचा. डीव्हीत डोमेन तुमच्या ताब्यात आहे एवढंच बघतात. ओव्हीत त्याबरोबर धंद्याचं नाव आणि पत्ता. ईव्हीत कायदेशीर नोंदणी आणि अर्ज करणाऱ्याला तो अधिकार आहे का, इथपर्यंत चौकशी होते.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं एक चपलांचं दुकान धरू. मालक एकटा, प्रोप्रायटरशिप, कोल्हापुरी चपला साइटवरून बाहेरगावी पाठवतो. या दुकानानं ओव्हीचा अर्ज केला तर पहिली अडचण नावात येते. प्रोप्रायटरशिपच्या जीएसटी प्रमाणपत्रावर ‘लीगल नेम’ म्हणून मालकाचं स्वतःचं नाव असतं आणि दुकानाचं नाव ‘ट्रेड नेम’च्या रकान्यात. पाटीवरचं नाव सर्टिफिकेटमध्ये हवं असेल तर ते वापरायचा तुमचा हक्क वेगळा तपासला जातो. गुमास्त्याचा कागद पुढे करावा, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार मोजके कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी प्रमाणपत्र नसतंच, असते ती फक्त सूचना दिल्याची पावती. ती पुरेशी धरतील की नाही हे प्रत्येक कंपनीवर अवलंबून. मग पत्ता. एका कागदावर ‘ई वॉर्ड’ आणि घर नंबर, दुसऱ्यावर नुसती ‘आठवी गल्ली’, तिसऱ्यावर जवळच्या दवाखान्याची खूण. पोस्टमनला तिन्ही कळतात. तपासणारा माणूस परगावी, बहुधा परदेशात बसलेला असतो, त्याला हे तीन वेगळे पत्ते दिसतात आणि अर्ज शंका काढून परत येतो.

कागद एक वेळ जुळवता येतात. माझं मत ठरवलं ते फोनच्या तपासणीनं. अर्ज खरंच त्या धंद्याकडून आलाय याची खात्री करताना तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेला नंबर चालत नाही, नियमानं तो अर्जदाराव्यतिरिक्त दुसऱ्या स्रोतातून मिळालेला असावा लागतो. म्हणजे सरकारी नोंद किंवा मान्य व्यावसायिक डिरेक्टरी. आपल्याकडच्या जुन्या दुकानांचा तिथला नंबर बहुतेकदा लँडलाइनचा असतो आणि ती लाइन कधीच बंद झालेली असते. धंदा चालतो मालकाच्या मोबाइलवर. आधी डिरेक्टरीत नंबर बदलून घ्या, तो दिसेपर्यंत थांबा, मग फोन येणार. तो परदेशी नंबरवरून, इंग्रजीत येऊ शकतो आणि काउंटरवरच्या पोरानं उचलून ‘मालक न्हाईत’ म्हणून ठेवला तर पुन्हा रांगेत. काही कंपन्या वकील किंवा चार्टर्ड अकाउंटंटच्या पत्रावर भागवतात, पण पत्र देणाऱ्याचीही खातरजमा होते.

हे एकदाच करायचं असतं तर सोसलं असतं. १५ मार्च २०२६ पासून सार्वजनिक टीएलएस सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस आहे. २०२७ च्या मार्चपासून ती १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस होणार. धंद्याच्या ओळखीची तपासणी फार तर ३९८ दिवस पुन्हा वापरता येते. म्हणजे वर्षातून एकदा ओळख पटवण्याची ही कसरत आहेच, आणि सर्टिफिकेट हातानं बसवत असाल तर ते कामही वर्षात अनेकदा. ‘तीन वर्षांचा प्लॅन’ म्हणून जे विकतात ते वर्गणी असते, सर्टिफिकेट तीन वर्षं चालत नाही.

ईव्हीबद्दल थोडक्यात. पूर्वी पत्त्याच्या पट्टीत हिरव्या अक्षरांत कंपनीचं नाव दिसायचं, त्याचेच पैसे होते. क्रोम ७७ आणि फायरफॉक्स ७० या २०१९ च्या आवृत्त्यांनी ते नाव काढून आतल्या माहितीत टाकलं. चपला घेणारं गिऱ्हाईक तिथपर्यंत जात नाही. ते नाव दिसायचं तेव्हाही त्यावर विसंबणं अवघड होतं: २०१७ मध्ये इयन कॅरोल या संशोधकानं अमेरिकेतल्या दुसऱ्या राज्यात ‘Stripe, Inc’ या प्रसिद्ध पेमेंट कंपनीच्याच नावाची दुसरी कंपनी रीतसर नोंदवून तिचं ईव्ही मिळवून दाखवलं. शिवाय ईव्हीत सगळ्या सबडोमेनना एकत्र चालणारं वाइल्डकार्ड मिळत नाही, प्रत्येक सबडोमेन नावानिशी लिहावं लागतं. एकट्या मालकाच्या दुकानाला ईव्हीची शिफारस करायला मला तरी कारण सापडत नाही.

म्हणून अशा दुकानासाठी माझं झुकतं माप डीव्हीला. पण तेही ‘बसवलं आणि विसरलो’ असं नाही. त्याचं नूतनीकरण गुपचूप बंद पडतं. फुकट डीव्ही देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टनं मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणं २०२५ च्या जूनमध्ये थांबवलं, त्यामुळे पहिली तक्रार थेट गिऱ्हाइकाकडून येते. कारणं ठरलेली असतात. कुणीतरी फायरवॉलमध्ये ८० नंबरचं पोर्ट बंद केलेलं असतं, आणि एचटीटीपी पद्धतीची तपासणी तिथूनच होते. होस्टिंग बदलताना A रेकॉर्ड नवा केला, पण जुना AAAA तसाच राहिला, तर तपासणी आयपीव्ही६ नं जुन्या सर्व्हरवर जाते. तिसरं कारण जास्त फसवं: नवं सर्टिफिकेट डिस्कवर आलेलं असतं, पण एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड न झाल्यानं जुनंच दाखवत राहतो. स्वतःचा सर्व्हर असेल आणि सर्टिफिकेट सर्टबॉट या प्रोग्रॅमनं घेत असाल तर, `dukan.example` च्या जागी तुमचं डोमेन टाकून, एवढं करून ठेवा:

```
sudo certbot renew --dry-run
sudo certbot reconfigure --cert-name dukan.example --deploy-hook "systemctl reload nginx"
```

पहिल्या ओळीनं सराव होतो, खरं सर्टिफिकेट खर्ची पडत नाही. दुसऱ्या ओळीनं रीलोड कायमचा नोंदवला जातो आणि पुढचं नूतनीकरण यशस्वी झालं तरच तो चालतो. साइट प्रत्यक्षात कुठली तारीख दाखवतेय ते बाहेरच्या मशीनवरून बघा, इथेही तुमचं डोमेन टाकून:

```
openssl s_client -connect dukan.example:443 \
  -servername dukan.example </dev/null \
  | openssl x509 -noout -subject -enddate
```

इथे `subject` मध्ये `O` दिसला तर ते ओव्ही किंवा ईव्ही, नुसता `CN` असेल किंवा ओळ रिकामी असेल तर डीव्ही.

ओव्ही घ्यावं अशीही जागा आहे. शिरोली एमआयडीसीतली एखादी फाउंड्री, प्रायव्हेट लिमिटेड, आणि परदेशी खरेदीदारानं पुरवठादाराच्या प्रश्नावलीत ‘संस्थेची ओळख तपासलेलं सर्टिफिकेट’ असं लेखी मागितलंय. तिथे कंपनीची नोंद सरकारी यादीत एकाच नावानं असते, ऑफिसचा फोन उचलायला माणूस असतो, त्यामुळे वरचा त्रास बराच कमी होतो. प्रश्नावलीचे शब्द मात्र नीट वाचा. तिथे नुसतं ‘मान्यताप्राप्त कंपनीचं टीएलएस सर्टिफिकेट’ म्हटलं असेल तर डीव्हीवर भागतं. आणि ओव्हीच घ्यायचं ठरलं तर पैसे भरण्याआधी विकणाऱ्याला एवढं विचारा, की हे अॅकमेवरून, म्हणजे सर्टबॉटनं आपोआप मिळेल का. तशी सोय असेल तर ते दोन किल्ल्या देतात, `--eab-kid` आणि `--eab-hmac-key` साठी. ‘ईमेलवर झिप फाइल पाठवतो’ असं उत्तर आलं तर दुसरा विक्रेता बघा.