प्ले स्टोअरचा देश ओमान केल्यावर: मस्कत आणि लातूरमधला काही महिन्यांचा अनुभव

मी लातूरचा. मस्कतला एका ठेकेदार कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो, काम संपल्यावर परत आलोय. तिकडे असताना अँड्रॉइड फोनवरच्या प्ले स्टोअरचा देश भारतावरून ओमान केला आणि फोनची भाषा मराठीच ठेवली. लातूर, उदगीर, नांदेडकडची बरीच पोरं आखातात जातात आणि फोन घेऊन याच ठिकाणी अडकतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. तुम्ही कुठं बसलाय, फोनमध्ये सिम कोणतं आहे, फोनची भाषा कोणती आहे आणि प्ले स्टोअर तुम्हाला कोणत्या देशाचं समजतं, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. चौथी गोष्ट गुगल खात्याला चिकटलेली असते, फोनला नाही. मी मस्कतच्या रुवी भागात राहत होतो, सिम ओमानचं, वायफाय ओमानचं. तरी प्ले स्टोअरमध्ये पगाराच्या बँकेच्या ॲपचं पान उघडलं की This item isn't available in your country असंच यायचं. कारण खातं लातूरमध्ये काढलेलं आणि त्यावर भारतातलं कार्ड जोडलेलं. गुगलच्या लेखी माझं दुकान भारतातच होतं. सोबतच्या एकानं फोनची भाषा इंग्रजी करून पाहायला सांगितलं. त्यानं ॲपच्या माहितीची भाषा बदलते, दुकानातला माल बदलत नाही.

देश बदलण्याची जागा अशी: प्ले स्टोअरमध्ये वर आपल्या फोटोवर टिचकी, मग Settings, General, Account and device preferences आणि त्यात Country and profiles. तिथं सध्याचा देश दिसतो. दुसरा देश तिथं दिसायला तुम्ही खरोखर त्या देशात असायला हवं आणि बदल पूर्ण करायला त्याच देशातलं पैसे भरायचं साधन लागतं. मला पगाराच्या खात्याचं डेबिट कार्ड हातात येईपर्यंत थांबावं लागलं. नुसतं व्हीपीएन लावून हे होत नाही ते यामुळेच, कार्ड कुठून आणणार? कार्ड जोडल्यावर गुगल त्या देशाचं वेगळं पेमेंट प्रोफाइल तयार करतं. बदल दिसायला ४८ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. माझा रात्रीतून झाला.

बदल करण्याआधी दोन गोष्टी ठाऊक हव्यात. पहिली, प्ले बॅलन्समध्ये रुपये असतील तर ते नव्या देशात वापरता येत नाहीत. जात नाहीत, पण परत भारतावर येईपर्यंत अडकून राहतात. दुसरी जास्त महत्त्वाची: देश वर्षातून एकदाच बदलता येतो. म्हणजे आज ओमान केलं तर पुढचं वर्षभर ओमानच, मधे घरी आलात तरी.

बदलल्यावर बँकेचं ॲप लगेच मिळालं. फोनवर आधीपासून असलेली भारतातली ॲप्स जागेवरच राहिली, देश बदलला म्हणून फोनमधून काही पुसलं गेलं नाही. काय नाहीसं झालं ते भाच्यामुळं कळलं. त्यानं फोन करून सांगितलं, ‘मामा, बीजीएमआय टाका की, रात्री सोबत खेळू.’ शोधलं तर नाहीच. पब्जी मोबाईल मात्र समोर होतं. लातूरमध्ये भाच्याच्या फोनवर नेमकं उलटं.

इथंच या सगळ्याचं कारण सापडतं. प्ले स्टोअरवर ॲपची खरी ओळख त्याच्या नावानं नसते, पॅकेजच्या नावानं असते. पब्जी मोबाईलचं पॅकेज com.tencent.ig आहे, बीजीएमआयचं com.pubg.imobile. खेळ दिसायला एकच, पण गुगलच्या हिशेबानं ही दोन वेगळी ॲप्स. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारनं पब्जी मोबाईलवर बंदी घातली. मग क्राफ्टन कंपनीनं जुलै २०२१ मध्ये खास भारतासाठी बीजीएमआय आणलं. तेही जुलै २०२२ मध्ये दुकानातून काढलं गेलं आणि मे २०२३ मध्ये परत आलं. त्या मधल्या काळात भारतातल्या मुलांना ‘ॲप गेलं कुठं’ हा प्रश्न पडला होता, त्याचं उत्तर फोनमध्ये नव्हतंच.

बंदी हे एक कारण. त्याहून नेहमीचं कारण साधं आहे. ॲप दुकानात ठेवताना बनवणाऱ्यानं कोणकोणत्या देशांत द्यायचं त्याची यादी भरलेली असते. ओमानच्या बँकेचे ग्राहक ओमानमध्ये, परवाना ओमानच्या मध्यवर्ती बँकेचा, म्हणून ती भारतावर खूण करत नाही. गाणी-सिनेमाच्या ॲपकडे हक्क ठरावीक देशांचेच असतात. काही कंपन्या प्रत्येक देशासाठी वेगळं ॲप ठेवतात आणि चिन्ह मात्र एकच वापरतात. तिथं ‘परदेशी आवृत्ती’ हाती लागते: नाव तेच, आत पत्ता लिहायला गेलं की पिनकोड घेत नाही किंवा नंबरापुढं ९१ निवडताच येत नाही. असं दिसलं की तुमच्या हातात दुसऱ्या देशाचं ॲप आहे असं समजा.

खात्री करायची असेल तर ब्राउझरमध्ये, कोणत्याही खात्यात न शिरता, ॲपचा दुवा उघडा आणि शेवटी देश व भाषा लिहा:

```
https://play.google.com/store/apps/details?id=com.pubg.imobile&gl=IN&hl=mr
```

gl म्हणजे देश, hl म्हणजे भाषा. IN च्या जागी OM टाकून तुलना करा. एका देशात पान उघडलं आणि दुसऱ्यात सापडलं नाही, तर अडचण देशाच्या यादीची आहे. फोनवर येणारा संदेशही नीट वाचा. your country असेल तर देश. Your device isn't compatible असेल तर फोन जुना आहे किंवा ॲपला लागणारी अँड्रॉइडची आवृत्ती त्यात नाही, तिथं देश बदलून काहीच होणार नाही आणि वर्षभराची एकुलती संधी मात्र जाईल.

आता भाषेचा भाग, कारण मला सगळ्यात जास्त त्रास तिथं झाला आणि यावर मराठीत कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. बँकेचं ॲप उघडलं ते थेट अरबीत. बटणं उजवीकडची डावीकडे, मेन्यू उलट्या बाजूला. ॲपच्या वर्णनात तर इंग्रजी आहे असं लिहिलेलं. सोबतच्या केरळच्या मित्राच्या फोनवर तेच ॲप इंग्रजीत चालू होतं.

कारण असं आहे. अँड्रॉइड ७ पासून फोनमध्ये भाषांची क्रमवार यादी ठेवता येते. ॲप उघडताना फोन यादीतली पहिली भाषा त्या ॲपमध्ये आहे का ते पाहतो, नसेल तर दुसरी, मग तिसरी. यादीतली एकही भाषा सापडली नाही, तर बनवणाऱ्यानं जी भाषा मूळ म्हणून ठेवली असेल ती दाखवतो. भारतातल्या बहुतेक ॲप्सची मूळ भाषा इंग्रजी असते, म्हणून मराठी फोन असला तरी आपल्याला हे कधी जाणवत नाही. या ॲपची मूळ भाषा अरबी होती. माझ्या यादीत एकटी मराठी. ॲपला मराठी येत नाही, त्यामुळं सरळ अरबी.

उपाय दोन मिनिटांचा. फोनच्या Settings मध्ये System, मग Languages. तिथं मराठी पहिल्या क्रमांकावर ठेवून खाली English (India) जोडलं. फोन मराठीतच राहिला. नेट चालू ठेवून ॲप पूर्ण बंद करून परत उघडलं, तर इंग्रजीत आलं. नेट लागतं, कारण प्ले स्टोअर ॲपमधल्या सगळ्या भाषा फोनवर उतरवतच नाही, तुमच्या यादीतल्या तेवढ्याच भाषांचे तुकडे उतरवतो. यादीत नवी भाषा आली की तो तुकडा मागाहून येतो. अँड्रॉइड १३ पासून एकेका ॲपची भाषा वेगळी ठरवायची सोय App languages मध्ये आहे, पण सगळी ॲप्स त्या यादीत दिसत नाहीत. माझ्या बँकेचं नव्हतं.

या तुकड्यांमुळंच दुसऱ्याच्या फोनमधून एपीके फाईल घेऊन ॲप टाकणं फसतं. मूळ फाईल येते, भाषेचे आणि स्क्रीनचे तुकडे मागं राहतात. मग ॲप उघडून लगेच बंद पडतं. एखादी अनोळखी साइट सगळे तुकडे एकत्र करून देते, पण त्या फाईलमध्ये मधे कुणी काय घातलंय ते आपल्याला कळायला मार्ग नाही. खेळाचं ॲप असलं तरी मी घेणार नाही, बँकेचं तर मुळीच नाही.

लातूरला परतलो तेव्हा वर्ष पूर्ण व्हायचं होतं. त्यातच फोन बदलला. नव्या फोनवर ओमानच्या बँकेचं ॲप आलं, पण इथल्या माझ्या बँकेच्या ॲपवर पुन्हा your country ची तीच ओळ. आई-वडिलांच्या औषधांचे पैसे त्यातूनच जातात, त्यामुळं थांबून चालणार नव्हतं. लातूरचंच एक जुनं दुसरं जीमेल खातं होतं, मस्कतला असताना त्याला हात लावला नव्हता. ते फोनमध्ये जोडलं, प्ले स्टोअरमध्ये फोटोवर टिचकी मारून त्या खात्यावर गेलो आणि Country and profiles मध्ये आधी India दिसतंय ना ते पाहिलं. मग ॲप तिथून उतरवलं. आत बँकेचं लॉगिन माझंच, बँकेला गुगल खात्याशी देणंघेणं नाही. यूपीआयलाही नाही, ते बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम पाहतं आणि त्यावरून एसएमएस पाठवून पडताळणी करतं. एवढंच लक्षात ठेवा की ॲप ज्या खात्यावरून घेतलं ते खातं फोनवर राहू द्या. काढून टाकलं तर त्या ॲपचे अपडेट अडतील.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात, कारण तो मी फक्त खोलीतल्या उदगीरच्या मित्राच्या हातात पाहिला. तिथं Settings मध्ये आपलं नाव, Media & Purchases, View Account, Country/Region. वर्षभराची अट नाही, पण खात्यातली शिल्लक आधी संपवावी लागते आणि चालू सबस्क्रिप्शन रद्द करून त्यांची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. मित्राची मोठ्या मुदतीची एक सबस्क्रिप्शन होती, त्यामुळं त्यानं मुख्य खातं तसंच ठेवलं आणि फक्त Media & Purchases मध्ये ओमानच्या दुसऱ्या ॲपल खात्यानं साइन इन केलं. फोटो, संपर्क जागेवरच राहिले.

आता पुन्हा कुणी जायचं म्हटलं तर मी त्याला मुख्य खात्याचा देश बदलू देणार नाही. तिकडे पोचल्यावर नवं जीमेल खातं काढायचं, तिथलं कार्ड त्याला जोडायचं आणि तिथली ॲप्स त्यावरून घ्यायची. जुनं खातं भारतावर तसंच राहील. माझ्या ओमान खात्याचं वर्ष आता पुरं होत आलंय, पण ते परत भारतावर आणण्याची घाई मला नाही. तिथल्या बँकेत शेवटचा हिशेब बाकी आहे, आणि तो मिळेपर्यंत त्या ॲपची नवी आवृत्ती त्याच खात्यावरून घ्यावी लागणार आहे.