१ टीबीची एसएसडी १७४९ रुपयात घेतली, क्लोन "यशस्वी" झाला आणि आठ वर्षांचे फोटो गेले

आधीच सांगतो, चूक माझीपण आहे, पण फसवलं ते फसवलंच. कोणीतरी वाचेल आणि वाचेल (दोन्ही अर्थांनी) म्हणून लिहितोय.

लॅपटॉप २०१६ चा, आत १ टीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क, चालू केला की चहा होऊन पिऊन होईपर्यंत डेस्कटॉप येत नव्हता. गल्लीतल्या रिपेअरवाल्या दादांना विचारलं तर म्हणाले एसएसडी टाकू पण विंडोज नवीन मारावी लागेल. मला ते नको होतं, बायकोचं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, जुने मराठी फॉन्ट, सगळं परत कोण बसवणार. मग वाचलं की डिस्क जशीच्या तशी क्लोन करता येते, म्हटलं घरीच करू.

ऑनलाइन शोधलं तर ओळखीच्या कंपन्यांच्या १ टीबी एसएसडी पाच-सहा हजारांच्या घरात, आणि त्यांच्यामध्येच एक १७४९ ला. नाव कधी न ऐकलेलं पण स्टार चांगले, रिव्ह्यूत "फास्ट डिलिव्हरी, नाइस पॅकिंग". आता कळतंय की ते सगळे रिव्ह्यू पार्सल आलं त्या दिवशीचे होते, महिनाभर वापरून लिहिलेला एकही नव्हता. बॉक्सवर आयातदाराचं नाव-पत्ता नाही, एमआरपीचा स्टिकर नाही. आयात मालावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे, पण तेव्हा कोण बघतो.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये 931.51 GB दिसलं, म्हणजे बरोबर १ टीबी, मी खूश. इथेच खरी मेख आहे. तो आकडा विंडोज मोजत नाही, ड्राइव्हच्या आतला कंट्रोलर सांगतो तो नुसता दाखवते. कंट्रोलरलाच खोटं बोलायला शिकवलं असेल तर ड्राइव्हची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फोसुद्धा तेच खोटं छान निळ्या "Good" सोबत दाखवतं.

डिस्क क्लोन करणारं क्लोनझिला पेनड्राइव्हवर टाकलं, एसएसडी यूएसबी केबलने लावली, device-device निवडलं, जुनी डिस्क sda, नवी sdb (हे तीनदा तपासलं, उलटं झालं तर कोरी डिस्क जुन्यावर उतरते). ४१२ जीबी डेटा होता, पावणेदोन तासात झालं, एकही एरर नाही. एसएसडी आत बसवली, लॅपटॉप पंधरा सेकंदात चालू. बायको म्हणाली, अरे वा. आणि मी शहाणा, चार दिवसांनी जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून फॉरमॅट केली आणि तिच्यावर पिक्चर भरले, साधारण ६० जीबी.

पहिली शंका आली ती एका एक्सेल शीटवरून. बायकोने रात्री सेव्ह केलेली शीट, तेव्हा उघडून परत बघितलेली, सकाळी म्हणते फाइल खराब आहे. दोनदा असं झालं, आम्हाला वाटलं व्हायरस. मग तिसऱ्या आठवड्यात बाबांच्या साठीचे फोटो हवे होते म्हणून फोल्डर उघडला. सगळे फोटो आहेत, नावं बरोबर, प्रत्येकाची साइज बरोबर, छोटी चित्रंसुद्धा दिसतायत. क्लिक केलं की "It looks like we don't support this file format". पुढचा, तेच. त्याच्या पुढचा, तेच.

मेव्हणा आयटीत आहे, त्याने फोन करून लॅपटॉपवर पॉवरशेल उघडून एवढंच टाइप करायला सांगितलं:

```
Format-Hex .\IMG_2041.JPG | Select-Object -First 5
```

जेपीजी फाइलची सुरुवात FF D8 अशी व्हायला पाहिजे. माझ्या फाइलमध्ये ओळीच्या ओळी 00 00 00 00. म्हणजे फोटो बिघडलेला नाही, फोटो तिथे लिहिलाच गेला नाही.

मग त्याने H2testw चालवायला लावलं. हा जुना फुकटचा प्रोग्राम ड्राइव्हवरच्या मोकळ्या जागेत ओळखीचा डेटा भरतो आणि नंतर तो सगळा परत वाचून पडताळतो. त्याआधी जे काही उघडत होतं ते दुसरीकडे काढलं, एसएसडी बाहेर काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली, पूर्ण फॉरमॅट केली, रात्रभर चालू ठेवलं. सकाळी स्क्रीनवर लाल:

```
The media is likely to be defective.
118.2 GByte OK
813.2 GByte DATA LOST
```

१ टीबीच्या नावाखाली १२८ ची चिप. ११८ जीबीपर्यंत लिहिलेलं राहतं, त्यापुढचं ड्राइव्ह "हो, लिहिलं" म्हणते आणि फेकून देते. काही बनावट ड्राइव्ह पुढचं लिहिताना परत सुरुवातीला येऊन जुनं पुसतात, मग विंडोज चालूच होत नाही, आणि खरं सांगतो ते बरं, निदान लगेच कळतं. माझ्यासारख्यात सगळं ठीक दिसतं कारण फाइलींची नावं आणि साइज ज्या यादीत असतात ती यादी (एमएफटी म्हणतात) बहुतेक वेळा पार्टिशनच्या सुरुवातीलाच असते, ती नीट कॉपी झाली. ती छोटी चित्रंही विंडोज वेगळ्या फाइलमध्ये साठवते, ती नशिबाने ११८ च्या आत होती. एक्सेल रात्री उघडत होतं कारण ते रॅममधून येत होतं, रिस्टार्टनंतर खरी ड्राइव्ह वाचली गेली. आणि क्लोनझिलाने एरर का नाही दिला, तर मी केलं तसं डिस्क-टू-डिस्क क्लोन फक्त लिहीत जातं, लिहिलेलं परत वाचून बघत नाही.

म्हणून आता मी कोणालाही सांगतो, नवीन ड्राइव्ह, कुठूनही घेतलेली असो, क्लोनच्या आधी कोरी असतानाच पूर्ण H2testw. लिनक्सवाले f3write आणि f3read वापरतात, तेच काम. पाच-दहा जीबी कॉपी करून बघण्याला काही अर्थ नाही, बनावट ड्राइव्ह तेवढं आरामात पास होते. उघडून बघायच्या भानगडीतही पडू नका, खऱ्या एसएसडीतसुद्धा आत बोटभर बोर्डच असतो, त्यावरून काही कळत नाही. आणि जुनी डिस्क दोन महिने कपाटात. फॉरमॅट नाही, पिक्चर नाही.

रिटर्नची मुदत सात दिवस होती, ती कधीच संपलेली. विक्रेत्याचं पेज गायब. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, H2testw चा स्क्रीनशॉट, बिल आणि बॉक्सच्या चारही बाजूंचे फोटो जोडले, वीसेक दिवसांनी १७४९ परत आले. त्याच फोटोतली तीच ड्राइव्ह मात्र दुसऱ्या नावाने परत विकायला दिसली, यावेळी १५९९.

जुन्या डिस्कचा फॉरमॅट नशिबाने क्विक होता, म्हणजे खालचा डेटा बराचसा शिल्लक. पुसलेल्या फाइली शोधून काढणारं फोटोरेक चालवलं, दोन दिवस लागले. पण ते फाइलींची मूळ नावं परत आणत नाही, recup_dir.1, recup_dir.2 अशा फोल्डरांत f18734592.jpg असल्या हजारो फाइली, त्यात फोटो कमी आणि वेबसाइटींची बारीक चित्रं जास्त. जिथे पिक्चर बसले तिथलं गेलं ते गेलंच. रोज रात्री जेवण झालं की मी आणि बायको तासभर बसतो, ती ओळखते, मी नाव देतो. साठीचे आतापर्यंत एकतीस सापडलेत. बाबा केक कापतानाचा अजून नाही.