दोन फायरवॉलची जोडी, अकरा महिन्यांनंतर: जुनी सेशन्स का तुटत होती

गेल्या नोव्हेंबरात आमच्या रत्नागिरीच्या मासळी प्रक्रिया कारखान्यात फायरवॉलची जोडी बसवली. आत फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टम आणि तिचं वाहतूक गाळणारं पीएफ. एक पेटी पडली की दुसरीने तिची जागा घ्यायची ती कार्पमुळे, आणि चालू कनेक्शनच्या नोंदी दोघींत सारख्या ठेवतं पीएफसिंक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जो घोळ सांगणार आहे तो निम्म्याहून जास्त माझाच आहे.

जोडी घ्यायचं कारण साधं. आमचा लॉट नोंदणीचा प्रोग्राम काट्यावरच्या आणि पॅकिंगच्या पीसींवर चालतो, पण त्याचा पोस्टग्रेस डेटाबेस मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये आहे. काट्यावर कोळंबी येऊन पडलेली असताना इंटरनेट गेलं तर बर्फ वितळत राहतो आणि ओरडा मला खावा लागतो.

पहिले सहा महिने तक्रारीला जागा नव्हती. हिवाळ्यात एकदा मोठी फाइल उतरवायला लावून पहिल्या पेटीची वायर उपटली. तीन-साडेतीन सेकंद आकडा थांबला आणि डाउनलोड तिथूनच पुढे सुरू झालं. हा वेळ कुठून येतो तेही सांगतो. मुख्य पेटी दर सेकंदाला ‘मी आहे’ अशी हाळी देते. राखीव पेटी तीन हाळ्या चुकेपर्यंत थांबते आणि वर स्वतःच्या `advskew`चा थोडा उशीर धरते. आमच्याकडे तो 100 आहे, म्हणजे 3 अधिक 100 भागिले 256, साधारण 3.4 सेकंद. वायर उपटूनही डाउनलोड तुटत नाही, कारण चालू कनेक्शनची नोंद, म्हणजे स्टेट टेबल, पीएफसिंकने आधीच दुसऱ्या पेटीत पोचवलेली असते.

मेअखेरच्या वळवाच्या पावसात वीज कोसळली आणि राखीव पेटी गेली. वॉरंटीत नवी आली. मी रात्री उशिरा हाताने सेटिंग भरली, कोणता पोर्ट लॅन, म्हणजे कारखान्याकडचा, आणि कोणता वॅन, म्हणजे इंटरनेटकडचा, ते नेमून दिलं, वायरी जोडल्या आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी चाचणी म्हणून एका पीसीवरून सतत पिंग लावला आणि मुख्य पेटी बंद केली. तीन-चार पिंग चुकले, मग परत सुरू. स्टेटची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखी दिसत होती. मी समाधानाने चहा प्यायलो.

त्यानंतर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी. बोटी मिरकरवाड्याला उभ्या, कारखान्यात फक्त कोल्ड स्टोरेजचा जुना माल. दोन महिन्यांत लाइट कितीदा गेली असेल, पण काट्यावर कुणी बसलेलंच नव्हतं, त्यामुळे काही तुटलेलं कुणाच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता.

ऑगस्टचा पहिला आठवडा उजाडला, माल यायला लागला आणि मुख्य पेटीच्या यूपीएसच्या बॅटरीने मान टाकली. फेलओव्हर झाला, म्हणजे काम राखीव पेटीकडे गेलं. दहा मिनिटांत काट्यावरच्या ताईंचा फोन: “दादा, लटकला हो परत. बंद करून उघडला तरी तोच लॉट उघडत नाय.”

मी माझ्या पीसीवर बघतो तर ब्राउझर चालतोय, मेल येतंय, पिंग चालतोय. प्रोग्राम नवा उघडला की लॉगिनही होतं. फक्त जे लॉट फेलओव्हरच्या क्षणी कुणाच्या ना कुणाच्या पडद्यावर उघडे होते, तेवढेच लॉट घट्ट बंद. आणि तेही साधारण दोन तासांनी आपोआप सुटले! पहिल्यांदा मी डेटाबेसवाल्यांवर घसरलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं, पुन्हा दोन तास. तेव्हा बसलो.

आधी डेटाबेसच्या सर्व्हरवर पाहिलं. `pg_stat_activity` मध्ये आमच्या कारखान्याची जुनी सेशन्स `idle in transaction` म्हणून बसलेली. प्रोग्राम लॉट उघडतो तेव्हा ती ओळ कुलूपबंद करतो, आणि ते कुलूप या मेलेल्या सेशनच्या हातात. त्याच सर्व्हरवर `ss -tno` दिलं:

```
ESTAB 0 0 192.0.2.40:5432 203.0.113.10:61834 timer:(keepalive,108min,0)
```

(पत्ते बदलले आहेत.) ही झाली अर्धी उघडी जोडणी. काट्यावरच्या विंडोजने काही वेळा डेटा पुन्हा पाठवून पाहिला, उत्तर नाही म्हणून हात टेकले आणि कनेक्शन सोडून दिलं. पण सर्व्हरला ते कळवणारं पाकीटही वाटेत गळालं. सर्व्हर स्वतःहून काही पाठवत नाही, नुसती वाट बघतो, त्यामुळे त्याच्या लेखी समोरचा माणूस अजून जिवंत आहे. लिनक्स मूळ सेटिंगनुसार 7200 सेकंद शांततेनंतर पहिली चौकशी करतं, मग 75 सेकंदांच्या अंतराने अशा नऊ चौकशा. एकूण 7875 सेकंद, म्हणजे दोन तास अकरा मिनिटं. ताईंचा लॉट दोन तासांनी का सुटायचा, त्याचा उलगडा झाला.

पण पाकीट गळतं कुठे? राखीव पेटीवर गळालेल्या पाकिटांची नोंद उघडी ठेवली आणि मुद्दाम एक फेलओव्हर केला:

```
# tcpdump -n -e -i pflog0 tcp
rule 4/0(match): block in on igb0: 192.168.10.21.50122 >
  192.0.2.40.5432: Flags [P.], ... length 61
```

इथे `Flags [P.]` बघा. यात सिनचा `S` नाही, म्हणजे ही नव्या कनेक्शनची सुरुवात नव्हे, चालू संभाषणाच्या मधलं वाक्य आहे. पीएफचा परवानगीचा नियम टीसीपीसाठी फक्त सिन पाकिटावर नवी नोंद उघडतो. मधलंच पाकीट आलं आणि नोंद सापडली नाही, तर ते शेवटच्या अडवण्याच्या नियमावर जाऊन पडतं. माझा तो नियम मुकाट गिळणारा होता, त्यामुळे कुणालाच काही कळत नव्हतं. माझा मेअखेरचा पिंग का फसवून गेला, तेही इथेच उमगलं. पिंगच्या प्रत्येक पाकिटावर नवी नोंद उघडू शकते. जुनी हरवली तर नवी बनते आणि तो निवांत पुढे जातो. हरवलेलं स्टेट टेबल पिंगने कधीच दिसणार नाही.

मग प्रश्न उरला की नोंद हरवली कशी? कारण `pfctl -ss` दिलं तर ती राखीव पेटीत दिसत होती:

```
igb1 tcp 192.0.2.40:5432 <- 192.168.10.21:50122   ESTABLISHED:ESTABLISHED
igb0 tcp 203.0.113.10:61834 (192.168.10.21:50122) -> 192.0.2.40:5432   ESTABLISHED:ESTABLISHED
```

मुख्य पेटीवर हीच यादी काढली होती. दोन्ही कागद शेजारी ठेवून अर्धा तास बघत बसलो. अक्षरन् अक्षर जुळत होतं. वेळाने डोळा पडला तो पहिल्या रकान्यावर, आणि मग वरच्या गळतीच्या ओळीवर. नोंद म्हणते लॅनचं पाकीट `igb1` वरून येईल. गळतीची ओळ म्हणते ते आलं `igb0` वरून.

मेअखेरच्या त्या रात्री मी नव्या पेटीत लॅन-वॅन उलटे नेमले होते, आणि वायरीही त्याच हिशोबाने उलट्या लावल्या होत्या. म्हणून ती पेटी स्वतःपुरती अगदी ठीक चालत होती. पण आमच्या नियमांत `set state-policy if-bound` आहे, म्हणजे नोंद ज्या पोर्टवर जन्मली त्याच पोर्टावरच्या पाकिटाला लागू. पीएफसिंक नोंदीसोबत पोर्टचं नाव जसंच्या तसं पाठवतं. तिकडे त्या नावामागे लॅन आहे की वॅन, हे ते बघत नाही. याद्या तंतोतंत जुळत होत्या, हाच दोष होता. राखीव पेटीवर त्या पोर्टांची नावं उलटी दिसायला हवी होती.

समजा नव्या पेटीत वेगळ्या चिपची कार्डं असती आणि पोर्टांची नावं `igc0`, `igc1` अशी असती, तर लक्षण वेगळं दिसलं असतं. अनोळखी पोर्टची नोंद फ्रीबीएसडी स्वीकारतच नाही, मग राखीव पेटीतला आकडा तळाला दिसला असता आणि मी पहिल्याच दिवशी सावध झालो असतो. माझं नशीब असं की नावं तीच निघाली.

दुरुस्ती दोन टप्प्यांत केली. त्याच संध्याकाळी धोरण `floating` केलं. मग नोंदी कोणत्याही पोर्टाला लागू होतात आणि यादीत पोर्टच्या जागी `all` दिसतं. मात्र आधीच्या नोंदी जुन्याच धोरणाने बांधलेल्या राहतात, नव्या बनतील त्याच सुटतात. रविवारी राखीव पेटीतली नेमणूक आणि वायरी मुख्य पेटीसारख्या केल्या आणि धोरण परत `if-bound` केलं. एका पोर्टाची नोंद दुसऱ्या पोर्टावरून आलेल्या पाकिटाला वापरता येऊ नये, हे मला हवंच आहे.

दुसरं काम अर्ध्या उघड्या जोडण्यांचं. लॅनकडचा अडवण्याचा नियम `block return` केला. आता नोंद नसलेलं पाकीट आलं की फायरवॉल लगेच रीसेट पाठवते आणि प्रोग्राम ताटकळत न बसता चूक दाखवतो. पण हा रीसेट फक्त काट्याकडे जातो, मुंबईच्या सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो. म्हणून तिकडे:

```
tcp_keepalives_idle = 60
tcp_keepalives_interval = 10
tcp_keepalives_count = 6
```

मेलेलं सेशन आता दोन मिनिटांत निघतं आणि कुलूप सुटतं. हे खरं तर फायरवॉल घेण्याआधीच करायला हवं होतं.

चाचणीही बदलली. आता `psql` ने एक सेशन उघडतो, `begin` देतो, एक ओळ कुलूपबंद करतो आणि तसंच ठेवून मुख्य पेटी बंद करतो. पाच मिनिटांनी त्याच सेशनमध्ये `select` टाइप करतो. उत्तर आलं तर पास. पाच मिनिटं एवढ्यासाठी, की साठ सेकंदांच्या चौकशाही नव्या पेटीतून सुखरूप जातात का तेही दिसावं.

जोडीबद्दल तक्रार एवढीच, की पॅनेलवर स्टेटची नुसती संख्या दिसते आणि जुळली की हिरवा दिवा लागतो. दोन्ही पेट्यांतल्या पोर्टांची नेमणूक ताडून बघणं तिला अवघड नव्हतं. आणि पीएफसिंक फक्त पीएफच्या नोंदी नेतं, आयपीसेकच्या चाव्या नेत नाही. त्यामुळे गोव्याच्या ऑफिसचा व्हीपीएन बोगदा फेलओव्हरला अजूनही तुटतो आणि नव्याने उभा राहतो. तिथल्या लोकांना मी हे आधीच सांगून ठेवलंय.

गेल्या आठवड्यात परतीच्या पावसात दुपारी लाइट गेली, नवी बॅटरी वेळेत चढली नाही आणि जोडी पलटली. मला मेल आला म्हणून कळलं. काट्यावर फोन केला तर ताई म्हणाल्या, “काय झाला? आमचा चालू हाय.” पाठीमागे म्हाकूलचे क्रेट सरकवल्याचा आवाज येत होता. दोन्ही पेट्यांच्या पोर्टांवर आता वायरमन काकांनी चिकटवलेल्या लाल-निळ्या पट्ट्या आहेत; दमट हवेत त्या दर महिन्याला सुटतात आणि काका दर महिन्याला मला शिव्या घालत नव्या लावतात.