परिषदेच्या वेळापत्रकाचा तक्ता: सात महिने वापरल्यावर

आमच्या महाविद्यालयात परिषद ठरली की वेळापत्रक माझ्या गळ्यात पडतं. आधी वर्डमध्ये तक्ता करायचे. गेल्या सात महिन्यांत दोन परिषदा आणि दोन कार्यशाळा मात्र गूगल शीट्समधल्या तक्त्यावर काढल्या. संगणकशास्त्राच्या एका सहकाऱ्याने तो बनवून दिला होता. वेळा एकमेकांवर चढल्या की ओळ लाल होते, एवढंच त्याचं काम. ते तो चोख करतो, पण ओळी कशा भरायच्या हे आधी कळलं पाहिजे. मला ते पहिल्या परिषदेत तोंडघशी पडल्यावर कळलं.

तेव्हा तक्त्यात एका सत्राला एक ओळ होती: वेळ, खोली, विषय, वक्ता आणि शेवटी सत्राध्यक्षाचा वेगळा रकाना. लाल रंग फक्त खोली आणि वक्ता या दोन रकान्यांवर चालायचा. दुसऱ्या दिवशी ११.३० ते १.०० सेमिनार हॉलमध्ये सत्र १४ होतं, त्याच्या अध्यक्षा बाहेरगावहून आलेल्या एक मॅडम. त्यांचाच शोधनिबंध सत्र १६ मध्ये, १२.१० ला, संगणक प्रयोगशाळेत. तक्ता हिरवागार. १२.०५ ला दोन स्वयंसेवक मॅडमना न्यायला आले तेव्हा त्या व्यासपीठावर बसून दुसऱ्याच्या निबंधाची वेळ मोजत होत्या. एकच नाव दोन वेगळ्या रकान्यांत होतं, आणि तक्ता ते दोन रकाने एकमेकांशी ताडून बघतच नव्हता.

त्यानंतर रचना बदलली. आता एका माणसाच्या एका कामाला एक ओळ. अध्यक्ष, निबंधवाचक, चर्चासत्रातला प्रत्येक वक्ता, सगळे एकाच ‘व्यक्ती’ रकान्यात, आणि ‘भूमिका’ वेगळ्या रकान्यात. दोन दिवसांच्या परिषदेच्या तीसेक ओळी होत्या, त्या ऐंशीच्या पुढे गेल्या. पहिल्यांदा बघून छातीत धस्स झालं, पण भरायला प्रत्यक्षात अर्धा तास जास्त लागतो.

A मध्ये तारीख, B आणि C मध्ये सुरुवात व शेवट, D मध्ये सत्र क्रमांक, E मध्ये खोली, F मध्ये व्यक्ती. G आणि H मध्ये त्याच वेळा मिनिटांत, `=ROUND(B2*1440,0)` असं करून. तपासणी ही:

```
=SUMPRODUCT(($A$2:$A$90=A2)*($F$2:$F$90=F2)*($D$2:$D$90<>D2)*($G$2:$G$90<H2)*($H$2:$H$90>G2))
```

उत्तर शून्यापेक्षा जास्त आलं की लाल. तोच दिवस, तीच व्यक्ती, सत्र वेगळं, आणि दुसरं काम माझं संपण्याआधी सुरू होतं व माझं सुरू झाल्यानंतर संपतं. दोन वेळा एकमेकींवर चढल्या म्हणजे नेमकं हेच. १.०० ला संपणारं आणि १.०० ला सुरू होणारं सत्र यात अडकत नाही, कारण तुलना ‘पेक्षा कमी’ची आहे. खोलीसाठी हेच सूत्र, फक्त F च्या जागी E.

मिनिटांचे रकाने आधी मला उगाच वाटले होते. पण शीटमध्ये वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक असतो. एका ठिकाणी १२.१५ हाताने लिहिलेले आणि दुसऱ्या ठिकाणी ११.३० मध्ये ४५ मिनिटं मिळवून आलेले असतील, तर दिसायला सारखेच, पण आत शेवटच्या दशांश स्थळी फरक पडू शकतो. मग पाठोपाठची निर्दोष सत्रं विनाकारण लाल होतात. पूर्ण मिनिटांत मोजलं की ही कटकट राहत नाही.

नव्या रचनेत मॅडमचं तेच वेळापत्रक पुन्हा भरून बघितलं. अध्यक्षपदाची ओळ ६९० ते ७८०, निबंधाची ७३० ते ७५०. दोन्ही लगेच लाल. निबंध सत्र १६ मध्येच पुढेमागे सरकवून उपयोग नव्हता, कारण अध्यक्षपद पूर्ण दीड तासाचं. शेवटी तो दुपारच्या सत्र १९ मध्ये टाकला. तिथे तीनच निबंध होते, वीस मिनिटं सुटत होती, आणि लाल गेला. एक लक्षात ठेवा, तक्ता फक्त बोट दाखवतो. जागा आपणच शोधायची.

चहापान आणि भोजनाच्या ओळीत खोली म्हणून ‘सर्व’ लिहितो. नुसतं तेवढ्याने काही होत नाही, कारण ‘सर्व’ आणि ‘सेमिनार हॉल’ ही तक्त्याच्या लेखी दोन वेगळी नावं. म्हणून खोलीच्या सूत्रात `($E$2:$E$90=E2)` च्या जागी हे घातलं:

```
((($E$2:$E$90=E2)+($E$2:$E$90="सर्व"))>0)
```

आता भोजनाच्या वेळेत घुसलेलं सत्र लाल होतं. उद्घाटन लांबून चहा थंड होतो त्यावर मात्र औषध नाही. पाहुणे, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार हे धरून मी आता उद्घाटनाला दीडऐवजी पावणेदोन तास लिहिते आणि कोणाला सांगत नाही.

आता तक्रारी. सर्वांत छुपी चूक १.३० ची. दुपारचं सत्र कोणी `1:30` असं टाकलं की शीट ते रात्रीचं दीड समजतं. रात्री दीडला कोणाचंच दुसरं काम नसल्यामुळे ओळ लाल होत नाही, आणि आपण खुशीत. सुरुवातीच्या वेळेनुसार क्रम लावला की अशी ओळ त्या दिवशीच्या नोंदणीच्याही वर जाऊन बसते, तेव्हा कळतं. आम्ही आता चोवीस तासांच्या पद्धतीनेच लिहितो. तारखांचंही तसंच: फाइलच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका राहिला असेल तर ५ जानेवारीचा १ मे होतो.

दुसरी तक्रार नावांची. ‘डॉ. पाटील’ आणि ‘डॉ.पाटील’ ही तक्त्याला दोन माणसं. त्यामुळे नावं वेगळ्या पानावर एकदाच लिहून ड्रॉपडाउनमधून निवडायची. पण सहसंयोजक व्हॉट्सॲपवरून नाव उचलून तसंच चिकटवतात. त्यांना `Ctrl+Shift+V` शिकवलं. त्याने ड्रॉपडाउन आणि रंगाचे नियम तरी शाबूत राहतात.

तिसरी उणीव मूळ रचनेतलीच आहे. सूत्र ‘सत्र वेगळं’ असेल तरच बघतं, नाहीतर अध्यक्षाची ओळ त्याच सत्रातल्या प्रत्येक निबंधाशी भांडली असती. पण त्यामुळे एकाच सत्रात एक निबंध ११.५० ते १२.१० आणि पुढचा १२.०५ पासून, ही गफलत सुटते. कार्यशाळेत नेमकी सुटलीच. त्यासाठी आता वेगळा रकाना केलाय. तो फक्त ‘निबंध’ भूमिकेच्या ओळी एकाच सत्रात आपसात तपासतो.

प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत आहे, जिने धरून सात-आठ मिनिटं लागतात. म्हणून व्यक्तीच्या सूत्रात `H2+10` आणि `G2-10` केलं. खोलीच्या सूत्रात नाही केलं, नाहीतर पाठोपाठची सगळी सत्रं लाल झाली असती.

दारावर लावायला हा तक्ता निरुपयोगी. ऐंशी ओळी कोण वाचणार? छपाईसाठी खोल्या आडव्या आणि वेळा उभ्या असा वेगळा तक्ता मी अजूनही हाताने करते, आदल्या रात्री, आणि त्यात एखादी चूक राहतेच. मागच्या वेळी सत्र १९ च्या दारावर सत्र १६ लागलं होतं.