‘पंचवीस किलो धरतं’ म्हणून लावलेली कुंडी तिसऱ्या आठवड्यात खाली आली

बिलावर ओळ अशी होती: ‘फॉल्स सिलिंग टॉगल बोल्ट फिटिंग, कपॅसिटी २५ किलो, ४ नग, प्रत्येकी ३५० रुपये.’ तीन हूक कुंड्यांसाठी आणि एक जेवणाच्या टेबलावरच्या लटकत्या दिव्यासाठी. पहिलं भोक मिस्त्रीने घरमालकांसमोर पाडलं, पाकिटातला टॉगल बोल्ट उघडून दाखवला, स्प्रिंगचे पंख फटकन उघडतात ते दाखवलं आणि हुकाला धरून लोंबकळल्यासारखं केलं. बाकीचे तीन हूक त्याने घरचे लोक स्वयंपाकघरात असताना लावले. चौदाशे रुपये दिले गेले. तिसऱ्या आठवड्यात मनीप्लांटला पाणी घातल्यावर तासाभरात कुंडी सोफ्यावर पडली. सोफा होता म्हणून निभावलं.

पडलेल्या हुकाच्या टोकाला पंख नव्हते. तिथे होती प्लास्टिकची ८ मिमीची गिट्टी, विटांच्या भिंतीत ठोकतात तीच. उरलेले हूक तपासले तेव्हा आणखी दोन तसेच निघाले. खरा टॉगल चौघांत एकच होता, सगळ्यांसमोर बसवलेला.

ही फसवणूक कशी चालते ते समजायला आधी छतात काय असतं ते पाहू. घराघरांत जे जिप्समचं फॉल्स सिलिंग असतं, त्याचा बोर्ड साधारण १२.५ मिमी जाडीचा असतो. वर-खाली कागद आणि मध्ये ठिसूळ जिप्सम. हा बोर्ड पत्र्याच्या जीआय सेक्शनला २५ मिमीच्या स्क्रूंनी मारलेला असतो आणि दोन सेक्शनमधलं अंतर सहसा ४५७ मिमी, म्हणजे दीड फूट असतं. मधल्या जागेत बोर्डाच्या वर पोकळी आहे, आधार काहीच नाही. गिट्टी फुगून भोकाच्या कडांना दाबते आणि त्या दाबावर टिकते. विटेत वा काँक्रीटमध्ये तो दाब झेलायला चाळीस-पन्नास मिमी घट्ट माल असतो. इथे जेमतेम साडेबारा मिमी भुसभुशीत जिप्सम आहे, आणि तेही दाबलं की चुरतं. ओझं सरळ खाली ओढत असेल तर गिट्टी रोज थोडी थोडी सरकते आणि एक दिवस सुटते.

टॉगलचं काम वेगळं आहे. त्याचे पंख मिटून भोकातून वर घालायचे. वर गेले की स्प्रिंगने उघडतात आणि बोर्डाच्या पाठीवर आडवे बसतात. ओझं भोकाच्या कडांवर न येता पंखांच्या लांबीभर बोर्डावर पसरतं. म्हणून तो चांगला. पण त्यासाठी भोक मोठं लागतं. मिटलेले पंख जायला हवेत, म्हणून ५ मिमीच्या बोल्टला साधारण १४ ते १६ मिमीचं भोक पाडावं लागतं. नेमका आकडा पाकिटावर असतो. नसेल तर पंख मिटून स्वतः मोजावेत. आणि बोल्टची लांबी बोर्डाची जाडी अधिक मिटलेल्या पंखांची लांबी यापेक्षा थोडी जास्त हवी, नाहीतर पंख वर जाऊन उघडणारच नाहीत.

मिस्त्रीला हेच नको असतं. मोठं भोक म्हणजे जास्त धूळ. मध्येच सेक्शन लागला तर जागा बदलून जुनं भोक पुट्टीने भरा. शिवाय टॉगल गिट्टीपेक्षा महाग. ८ मिमीचं ड्रिल त्याच्या मशीनला आधीच लावलेलं असतं, एक मिनिटात गिट्टी आत जाते, आणि बाहेरून हूक दिसतो तो दोन्हींचा सारखाच.

सारखाच, पण एका गोष्टीत नाही, आणि ती खालून दिसते. टॉगलचं भोक मोठं असल्याने ते झाकायला हुकाखाली चकती लागतेच, बोट-सव्वाबोट रुंद. चकती नसलेला हूक थेट ८ मिमीच्या भोकातून बाहेर येत असेल, तर वर टॉगल नाही, हे शिडीवर न चढता सांगता येतं. उलट चकती आहे म्हणजे टॉगल आहे असं मात्र समजू नका. गिट्टीवरही चकती बसवता येते.

खात्री करायची चांगली पद्धत म्हणजे शेजारचा डाऊनलाइट काढणं. मेन स्विच बंद करा, डाऊनलाइटच्या बाजूच्या दोन स्प्रिंग दाबून तो खाली ओढा, आणि त्या भोकातून मोबाईल वर घालून टॉर्च लावून व्हिडिओ घ्या. बोर्डाच्या पाठीवर पंख आडवे बसलेले दिसतील किंवा दिसणार नाहीत. दिव्याच्या हुकासाठी ‘प्लाय सपोर्ट’ नावाचे पैसे लावले असतील तर तोही याच व्हिडिओत शोधा. प्लायचा तुकडा दोन सेक्शनना पकडून असायला हवा, नुसता बोर्डावर पडलेला नाही. डाऊनलाइट नसेल तर हूक हाताने सैल करून बघा. टॉगल असेल तर बोल्ट सैल होऊन हूक थोडा खाली येतो, पण निघत नाही, आणि वर पंख खडखडतात. दोन-तीन फेऱ्यांवर थांबा. पूर्ण काढला तर पंख बोर्डाच्या वर पडून राहतात, परत हाताला लागत नाहीत, आणि नवा टॉगल विकत घ्यावा लागतो.

आता दुसरा खोटेपणा, जो खऱ्या टॉगलसोबतही विकला जातो: ‘२५ किलो’. पाकिटावर हा आकडा ठळक छापलेला असतो. असा आकडा बऱ्याचदा बोल्ट किंवा बोर्ड तुटला तेव्हाचं वजन असतं, कायम टांगून ठेवायचं नव्हे. रोजच्या ओझ्यासाठी त्याचा चौथा भाग धरण्याची रीत आहे, म्हणजे सहा किलोच्या आसपास. तोही आकडा अनेकदा भिंतीचा असतो, जिथे ओझं बोर्डाला समांतर खाली घासतं. छतात ते बोर्डाला सरळ खाली ओढतं, रात्रंदिवस, आणि कुंडी झुलली की झटके वेगळे. त्यात पावसाळ्यात किंवा वरच्या मजल्यावरच्या गळतीने बोर्ड ओलसर झाला की जिप्समची ताकद घटते. म्हणून १२.५ मिमीच्या एकेरी बोर्डावर एका टॉगलला आम्ही तीन किलोच्या वर जाऊ देत नाही. पाकिटाच्या आकड्यापुढे हे भित्रेपणाचं वाटेल, पण खाली माणसं बसतात.

या हिशोबात त्या मनीप्लांटचं काय होतं ते पाहा. आठ इंची प्लास्टिकची कुंडी, साधारण चार लिटर मिश्रण, त्यात माती आणि कोकोपीट. मिस्त्रीने हातात घेतली तेव्हा ती सुकी होती, अडीच किलोची. ‘हलकी आहे’ म्हणाला आणि ते खरंच होतं. पाणी घातल्यावर कोकोपीट फुगलं, खालच्या बशीत पाणी साठलं, आणि तीच कुंडी साखळीसकट पाच किलोची झाली. झाडाचं वजन मोजायचं ते भरपूर पाणी घालून दहा मिनिटांनी, बॅगा तोलायच्या काट्याला अडकवून. घरात असा काटा नसेल तर कुंडी हातात घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. पाच किलोची कुंडी गिट्टीवर पडलीच, पण खऱ्या टॉगलवरही आम्ही ती टांगली नसती. ‘मग दोन टॉगल लावू’ हे उत्तरही फसवं आहे. एकाच साखळीला दोन हूक असतील तर ओझं सहसा जास्त ताणलेल्या एकावरच जातं, आणि जवळजवळ पाडलेली दोन भोकं बोर्ड तिथे आणखी कमकुवत करतात.

जेवणाच्या टेबलावरचा दिवा सव्वा किलोचा होता. तो टॉगलवर बिनधास्त राहील, एवढीच अट की दिव्याचं ओझं वायरवर नको. वजन साखळीने किंवा स्टीलच्या तारेने हुकावर जावं आणि वायर त्याच्या बाजूने सैल चालावी. पंखा किंवा मोठं झुंबर बोर्डावर कधीच नाही, कितीही टॉगल लावले तरी.

कुंडीसाठी रस्ता एकच आहे: ओझं थेट स्लॅबवर न्यायचं. डाऊनलाइटच्या भोकातून किंवा बोर्डात हाताएवढी खिडकी कापून स्लॅबपर्यंत पोचायचं. ६ मिमी आट्याच्या ड्रॉप-इन अँकरला स्लॅबमध्ये ८ मिमी व्यासाचं, २५ मिमी खोल भोक लागतं. अँकर ठोकून बसवायचा, त्यात ६ मिमीचा पूर्ण आट्याचा रॉड फिरवायचा, तो फॉल्स सिलिंगमधून खाली काढायचा आणि खाली चकती व हूक. बोर्डातलं भोक रॉडपेक्षा दोन-तीन मिमी मोठं ठेवा, म्हणजे झुलणारी कुंडी बोर्डाला दाबणार नाही. भोक पाडण्याआधी त्या पोकळीत विजेच्या वायरी, एसीच्या तांब्याच्या नळ्या आणि पाण्याचा पाइप कुठून जातो ते त्याच मोबाईलच्या व्हिडिओत पाहून घ्या. इमारतीचा स्लॅब पोस्ट-टेन्शनचा असेल, तर सोसायटीकडून ताणलेल्या तारांची जागा कळल्याशिवाय ड्रिल लावू नका.

फाटलेल्या भोकातच नवा टॉगल घुसवणं ही मिस्त्रीने नंतर देऊ केलेली ‘मोफत दुरुस्ती’. ती नाकारावी. कागद फाटून जिप्सम चुरलेला असतो, पंखांना बसायला धड पाठ राहत नाही. ते भोक जाळीची टेप व जॉइंटिंग कंपाउंडने बुजवा आणि नवी जागा किमान वीतभर लांब घ्या.

पैसे परत मागायचे तर पुरावा हूक पडल्या क्षणीच गोळा होतो: गिट्टीसकट हूक, स्केल शेजारी ठेवून भोकाचा फोटो, पोकळीतला व्हिडिओ, बिल आणि यूपीआयची नोंद. बिलावर ‘टॉगल बोल्ट’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर ठेकेदार बहुतेक वेळा फोटो पाहूनच नरमतो. नाही नरमला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. या प्रकरणात तीन हुकांचे १०५० रुपये परत मिळाले, सोफ्याच्या कव्हरचे नाहीत. नवं काम देताना बिलावर लिहून घेतलेली ओळ अशी: ‘स्लॅब अँकर व ६ मिमी रॉड, ३ नग, स्प्रिंग टॉगल, फक्त दिव्यासाठी, १ नग, बोर्ड बंद करण्यापूर्वी फोटो देणे.’